टॉर्टिया म्हणजे पोळी नव्हे

"ताई, मी नाशिकचा, इंदिरानगरचा. ओहायोत येऊन आठ महिने झाले आणि सात किलो वाढलो. शाकाहारी आहे, अंडी चालतात. दोनच वेळा जेवतो, घरच्यासारखंच करतो. तरी वजन उतरत नाही. काय खाऊ?"

काय खायचं ते नंतर सांगते. आधी पोटात किती जातंय ते बघू. मी सहा वर्षं इंडियानातल्या एका लहान गावात काढली, भारतीय दुकान दीड तासावर. आता परत गंगापूर रोडला आहे. इथे घरात मापं ठरलेली असतात: आईच्या हातचा कणकेचा गोळा, तेलाचा चमचा, आमटीची वाटी. तिकडे पदार्थ ओळखीचा वाटतो, पण माप बदललेलं असतं आणि ते आपल्या लक्षात येत नाही.

पोळीऐवजी तू टॉर्टिया खात असशील. घरच्या फुलक्याला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते, म्हणजे शंभरेक कॅलरी. दहा इंची मैद्याची टॉर्टिया सत्तर ग्रॅमच्या आसपास असते आणि तिच्यात दोनशेदहाच्या आसपास कॅलरी असतात. तू "तीनच खाल्ल्या" म्हणतोस, पण त्या सहा फुलके झाल्या. फ्रोझन पराठ्याचं पाकीटही एकदा उलटून बघ, त्यात तेल-तूप आधीच असतं.

दुसरं तेल. मला वाटायचं मी बेतानेच घालते. एका रविवारी फ्लॉवर-बटाट्याची भाजी करण्याआधी तेलाची बाटली वजनकाट्यावर ठेवली, फोडणी झाल्यावर परत ठेवली. 38 ग्रॅम कमी! एका ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर जवळजवळ साडेतीनशे कॅलरी नुसत्या फोडणीत. घरी तेल चमच्याने घेत होते, तिकडे मोठ्या बाटलीतून थेट ओतत होते, एवढाच फरक. तेव्हापासून तेल चमच्याने मोजूनच घेतलं. तिकडचा टेबलस्पून भरून घेतलास तर सुमारे 120 कॅलरी होतात. एक चमचा दोन वेळच्या भाजीला पुरतो, फक्त पॅन नीट तापू दे आणि कांदा चिकटायला लागला की पाण्याचा हबका मार.

तेलाच्या स्प्रेवर "शून्य कॅलरी" लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नकोस. अमेरिकेत एका सर्व्हिंगला पाचपेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य छापायची मुभा आहे, आणि स्प्रेचं सर्व्हिंग म्हणजे पाव सेकंद दाबणं. आपण चार-पाच सेकंद सहज मारतो. म्हणून लेबलवर कॅलरीचा मोठा आकडा बघण्याआधी त्याच्या वरची सर्व्हिंगची ओळ वाच. राजम्याच्या डब्यात साडेतीन सर्व्हिंग असतात, आकडा मात्र एकाचाच असतो.

आता काय खायचं ते. सकाळी साधं, बिनफॅटचं ग्रीक योगर्ट घे, 170 ग्रॅम. आपल्या चक्क्याच्या जवळचं आहे. सुमारे शंभर कॅलरी आणि सतराएक ग्रॅम प्रोटीन. फळाच्या चवीचं नको, त्याच्या लेबलवर "ॲडेड शुगर्स"ची ओळ बघितलीस की कारण कळेल. रात्री डब्यातली चवळी किंवा राजमा धुऊन घे (मीठ बरंच निघून जातं), घरून आणलेला गोडा मसाला घाल, फ्रोझन पालक घाल, सोबत दोन उकडलेली अंडी. मिसळीची आठवण आली की याच चवळीची उसळ कर, वर कच्चा कांदा आणि लिंबू. तर्री नसते, पण मला तरी ती पुरायची. भात कच्चा असतानाच मोज, 45 ग्रॅम म्हणजे 160 कॅलरी. शिजल्यावर अंदाज चुकतो.

बाहेर जेवायचं असेल तर वीस किंवा जास्त शाखा असलेल्या दुकानांना मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, ते वाचूनच ऑर्डर दे. बरीटो बोल घेतलास तर सावर क्रीम नको म्हण, आणि पहिला घास घेण्याआधी डबा मागून अर्धं भरून ठेव. खाता खाता उरवू म्हटलं तर उरत नाही. ताटात टाकायचं नाही ही सवय आपल्या अंगात मुरलेली असते.

वजन रोज सकाळी घे, पण आठवड्याची सरासरी बघ. बाहेर खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी मिठामुळे शरीरात पाणी धरून काटा किलोभर वर जातो, ती चरबी नव्हे. सरासरी आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरली तर काही बदलू नकोस. तीन-चार आठवडे जागची हलली नाही तर बहुतेक वेळा तेल किंवा येता-जाता तोंडात टाकलेलं सुटलेलं असतं. जेवण कमी करण्याआधी तेच शोध. साखर किंवा थायरॉइडचं औषध चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोल.

स्वयंपाकघरातला वजनकाटा आजच मागव. पहिले चार दिवस काहीच बदलू नकोस, नुसतं मोजून लिहून ठेव, आणि ते आकडे मला इथे दाखव.