सारख्या चुकीवरून कॉपी ठरवताना

सर, सोलापुरात पहिल्यांदाच पेपर तपासताय म्हणून सांगतो. दोघांनीही √(९+१६) = ३+४ = ७ लिहिलं, तर कॉपीचा शेरा मारू नका. ही चूक वर्गातली बरीच पोरं आपापली करतात. एकाच क्लासची असतील तर जास्तच.

आता दुसरं बघा. एकाचं ९६−५९ = ३७, पुढे ३७×२ = ७४. त्याच्या ३७ मधला ७ अगदी १ सारखा दिसतो. दुसऱ्याचं ९६−५९ = ३१, पुढे ३१×२ = ७४. ३१ची दुप्पट ६२. ७४ आले कुठून? आधी या दुसऱ्याचं कच्चं काम बघा. तिथे त्याने स्वतः ३७ काढले असतील, तर ती उतरवतानाची चूक. नसतील, तर संशय पक्का. तरीही पहिल्याने मुद्दाम दाखवलं, हे यातून सिद्ध होत नाही. त्याचे गुण कापू नका.