आगीत जळालेल्या मालाचा दावा: ढोबळ नफ्याचा दर आणि सरासरी कलम

प्रश्न: नुकसान 2,40,000 आणि पॉलिसी 2,00,000 ची असेल, तर पूर्ण 2,00,000 मिळतील ना?

पॉलिसीत सरासरी कलम, म्हणजे साठ्याच्या जितक्या भागाचा विमा तितक्याच भागाची भरपाई देणारी अट, असल्यास नाही, कारण विम्याच्या रकमेची तुलना नुकसानाशी नसून आगीच्या दिवशीच्या एकूण साठ्याशी होते. तो साठा मागील वर्षांच्या ढोबळ नफ्याच्या दरावरून काढतात. समजा, आरंभीचा साठा 2,00,000, आगीपर्यंतची खरेदी 7,00,000, विक्री 8,00,000 आणि विक्रीवरील ढोबळ नफा 25 टक्के आहे. मग विकलेल्या मालाची किंमत 6,00,000 आणि उरलेला साठा 3,00,000 ठरतो. त्यातून वाचलेला 60,000 चा माल वजा केला की तुमचे 2,40,000 चे नुकसान येते. विमा मात्र साठ्याच्या दोन तृतीयांशाचाच असल्याने दावाही नुकसानाच्या दोन तृतीयांश, म्हणजे 1,60,000 इतकाच मान्य होतो. उरलेला भार विमाधारकावर पडतो.

खरी चूक बहुधा दरातच असते. मागील वर्षअखेरीचा साठा खर्चापेक्षा कमी किमतीने दाखवला असेल, तर त्या वर्षाचा नफा कमी दिसतो आणि दर खाली येतो. म्हणून आधी तो साठा मूळ खर्चावर आणून मगच दर काढावा. पडून राहिलेला, तोट्यात विकलेला मालही वेगळा काढावा, कारण त्याला नेहमीचा दर लागू होत नाही.