गावात लग्न झालं, नोंदणीसाठी रजिस्ट्रार ऑफिस कुठलं आणि ते शनिवारी चालू असतं का?

प्रश्न: आमचं लग्न गेल्या महिन्यात गावी झालं (रत्नागिरी जिल्हा), मी मुंबईत भाड्याने राहतो. मॅरेज सर्टिफिकेट हवंय. गुगलवर "रजिस्ट्रार ऑफिस" टाकलं की तीन वेगवेगळे पत्ते येतात, आमच्या वाडीसाठी नक्की कुठलं? आणि शनिवारी उघडं असतं का, कारण रविवारी रात्रीची गाडी पकडून परत यायचंय.

उत्तर:

आधी गुगल बंद करा आणि घरातली घरपट्टीची पावती काढा, मस्करी नाही करत. पावतीच्या माथ्यावर जी ग्रामपंचायत छापलीय तेच तुमचं ऑफिस. नगरपरिषद किंवा नगरपंचायत छापलेली असेल तर ते. भटजी बोलावून, अक्षता पडून जे लग्न झालंय त्याची नोंद आपल्याकडे १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली होते, आणि त्यासाठीचा विवाह निबंधक म्हणजे गावात आपले ग्रामसेवक भाऊसाहेब. २०२४ पासून त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून भाऊसाहेबच. शहरात हेच काम नगरपरिषदेत, बहुतेक ठिकाणी जन्म-मृत्यूची नोंद जिथे होते त्याच टेबलावर.

तुम्हाला गुगलवर जे दिसतंय ते बहुतेक दुय्यम निबंधक कार्यालय आहे, म्हणजे जिथे जमिनीचं खरेदीखत होतं ते. सगळे त्यालाच "रजिस्ट्रार" म्हणतात म्हणून घोळ होतो, तिथे लाईनीत उभं राहून नंबर आला की कळतं की हे आपलं काम नाहीच. कोर्ट मॅरेज करायचं असेल, म्हणजे लग्नच ऑफिसात लावायचं असेल, तर मात्र ते खातं. त्याचं शेवटी सांगतो.

आता आमचा किस्सा, कारण तुमची केस अगदी तशीच आहे.

माझ्या चुलतभावाचं लग्न ९ मे ला झालं, हॉल तालुक्याच्या गावात, घर आमच्या वाडीत, तो स्वतः डोंबिवलीला. जूनमध्ये चार दिवस सुट्टी काढून आला, बायको आणि तीन साक्षीदार सोबत (साक्षीदार तीन लागतात, दोन नेऊन चालत नाही), आणि आम्ही सरळ तालुक्याच्या ऑफिसात, का तर हॉल तिथे होता. तिथल्या बाईंनी पत्रिका बघितलीच नाही, पहिला प्रश्न "राहता कुठे?" नवरा किंवा बायको, दोघांपैकी एकजण ज्या हद्दीत राहतो तिथला निबंधक पकडायचा, हॉलच्या पत्त्यावरून शोध सुरूच करायचा नाही. बरं, म्हणून आधार कार्ड काढलं, त्यावर पोस्ट म्हणून शेजारच्या गावाचं नाव, गेलो त्या गावाच्या ग्रामपंचायतीत. तिथे भाऊसाहेबांनी असेसमेंटचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली गेले, परत वर आले, आणि म्हणाले "तुमचं घर माझ्याकडे नाहीच."

कोकणात हे नेहमीचं. "मुक्काम अमुक, पोस्ट तमुक" मधलं पोस्ट म्हणजे पोस्टमन कुठून येतो एवढंच. पिनकोडचंही तेच, एका पिनकोडात पाच-सहा ग्रामपंचायती सहज असतात. त्यात आपल्याकडे गट ग्रामपंचायती, दोन-तीन महसुली गावं मिळून एक पंचायत आणि नाव त्यातल्या एकाच गावाचं. सातबाऱ्यावर जे गाव दिसतं त्या नावाची ग्रामपंचायत असेलच असं नाही. नदीच्या किंवा साकवाच्या पलीकडची वाडी कधीकधी भलत्याच पंचायतीत निघते. आमचीही तशीच निघाली. काकीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "अरे मेल्या, घरपट्टी आपण कुठे भरतो?" तो प्रश्न सकाळी विचारला असता तर पाच माणसांच्या रिक्षाचे पैसे वाचले असते.

पावती सापडत नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, ज्याला आपण असेसमेंट उतारा म्हणतो, त्यावर घर नंबर आणि पंचायत दोन्ही असतं. तेही नसेल आणि तुम्ही मुंबईत बसून शोधताय तर lgdirectory.gov.in वर जिल्हा, तालुका निवडून गाव शोधा, कुठलं महसुली गाव कुठल्या ग्रामपंचायतीखाली येतं ते तिथे मिळतं. फक्त तिथे वाडीचं नाव टाकू नका, सापडणार नाही, सातबाऱ्यावरचं गावाचं नाव टाका. इंग्रजी स्पेलिंग थोडं वेगळं असतं तेव्हा शोधण्यापेक्षा यादीच खाली-वर करून बघितलेली बरी.

ऑफिस कळलं, आता वार. कागदावर उत्तर सोपंय: २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी ऑफिसं पाच दिवसांची झालीत, सोमवार ते शुक्रवार, पावणेदहा ते सव्वासहा. त्यामुळे शनिवारचा प्लॅन डोक्यातून काढा. "दुसरा आणि चौथा शनिवार सोडून चालू" असं अजून जिथे लिहिलेलं दिसेल ती माहिती त्याच्या आधीची आहे, म्हणजे त्या पानावरचा पत्ता आणि फोनही तेवढाच जुना धरून चाला. ही माझी आवडती परीक्षा आहे, पान जुनं की नवीन ते लगेच कळतं.

पण ग्रामपंचायतीत खरा प्रश्न ऑफिस उघडं आहे का हा नसतोच, भाऊसाहेब आहेत का हा असतो. एका माणसाकडे दोन-दोन, कधी तीन पंचायतींचा चार्ज असतो, शिवाय पंचायत समितीत मीटिंग. आम्ही तिसऱ्या, म्हणजे एकदाच्या बरोबर पंचायतीत पोचलो तेव्हा दार सताड उघडं, पंखा चालू, कॉम्प्युटरवर ऑपरेटर मुलगा दाखले काढतोय, आणि शिपाई मामा म्हणाले, "भाऊसाहेब आज नाय येयचे, मंगळवार-शुक्रवार हिकडं, बाकीचं वार खालच्या गावात." दाराच्या आत भिंतीवर ए-फोर कागदावर हेच लिहून चिकटवलेलं होतं, अर्धा कागद पावसाच्या ओलीने सुटून लोंबत होता. दिवस बुधवार. त्याची परतीची गाडी गुरुवारची.

म्हणून निघायच्या आधी फोन करा, आणि "ऑफिस चालू आहे का" असं विचारू नका, त्याला उत्तर "हो" च येतं. विचारा की विवाह नोंदणीसाठी भाऊसाहेब कुठल्या वारी बसतात, आणि या येत्या अमुक तारखेला नक्की आहेत का. नंबर कुठून आणायचा? सरपंच किंवा तुमच्या वाडीचा मेंबर, गावात दोघांचेही नंबर सगळ्यांकडे असतात. तसं नसेल तर पंचायत समितीच्या ऑफिसात ग्रामपंचायत विभागाला विचारा, कुठल्या पंचायतीचा चार्ज सध्या कोणाकडे आहे हे त्यांना तोंडपाठ असतं, बदली झाली असेल तर तेही तिथेच कळतं. गावातल्या कोणाला तरी पाठवून भिंतीवरच्या बोर्डाचा फोटो मागवा हे सगळ्यात बेस्ट. २०१५ च्या सेवा हक्क कायद्याने प्रत्येक ऑफिसात बोर्ड लावावा लागतो, कुठली सेवा, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी कोण. त्यात विवाह नोंदणी दाखला दिसला आणि समोर अधिकाऱ्याचं पद दिसलं की जागा बरोबर आहे हे पक्कं.

सुट्ट्यांचं एक बघा. छापील कॅलेंडरवरच्या सरकारी सुट्ट्या वेगळ्या, आणि जिल्हाधिकारी दरवर्षी जिल्ह्यापुरत्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात त्या वेगळ्या. मुंबईच्या कॅलेंडरवर बघून निघालात तर फसाल. त्याचा आदेश जिल्ह्याच्या साईटवर असतो, तुमच्यासाठी ratnagiri.gov.in. आणि गणपतीत हे काम काढूच नका. सगळे चाकरमानी त्याच आठवड्यात कागदपत्रं घेऊन येतात आणि ऑफिसातली माणसंही आपल्याच घरच्या आरतीला गेलेली असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला भाऊसाहेब गावात हमखास सापडतात, पण झेंडावंदन आणि ग्रामसभेत, तिथे जाऊन फॉर्म पुढे करू नका, एकाला करताना बघितलंय.

घाई कशाला करायची तर लग्नापासून ९० दिवसांत नोंद करायची असते. नंतरही होते पण उशिराचं शुल्क पडतं. आमच्या भावाचे ९ मे पासून मोजून ७ ऑगस्टला संपत होते, बुधवारी हात हलवत परत गेला तो जुलैत एका शुक्रवारी परत आला, सोमवारी आणि गुरुवारी असे दोन फोन आधी केले, आणि नमुना ड चा फॉर्म आधीच भरून, १०० चा कोर्ट फी स्टॅम्प लावून, भटजींची सही घेऊन आणला. पाऊण तासात सह्या झाल्या. स्टॅम्पचं आणि कागदांचंही त्याच फोनवर विचारून घ्या.

तुमच्याकडे दुसराही रस्ता आहे. मुंबईतल्या भाड्याच्या घराचा पुरावा (रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स वगैरे) असेल तर महापालिकेच्या तुमच्या वॉर्ड ऑफिसात, आरोग्य खात्यात, नोंद होऊ शकते. पण तिथेही पोस्टाच्या एरियावर जाऊ नका, अंधेरीत राहणारा के ईस्टमध्ये की के वेस्टमध्ये हे नावावरून कळत नाही, रूळाच्या कुठल्या बाजूला यावरून ठरतं. पुरावा नसेल तर गावच बरं. मी असतो तर गावच केलं असतं, पंचायतीत आपल्याला ओळखणारी माणसं असतात, आडनावाच्या स्पेलिंगची चूक तिथल्या तिथे कोणीतरी सांगतं.

राहिलं कोर्ट मॅरेज, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारणारच. ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, विवाह अधिकाऱ्याकडे. दुय्यम निबंधक तालुक्यात असला तरी तो विवाह अधिकारी असेलच असं नाही, त्यासाठी वेगळी नेमणूक असते आणि हद्द जिल्ह्याची धरतात, म्हणून दापोली किंवा राजापूरच्या माणसाने आधी रत्नागिरीला चौकशी करायची. दोघांपैकी एकजण नोटीस द्यायच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असायला हवा. नोटीस दिली की ३० दिवस हरकतीसाठी, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न नाही लावलं तर ती बाद, परत पहिल्यापासून. म्हणजे खेपा निदान दोन, त्यामुळे पत्ता चुकला तर जास्त महाग पडतं. पत्ता बघायचा तो igrmaharashtra.gov.in वर, सर्चमध्ये सगळ्यात वर ज्या "मॅरेज रजिस्ट्रेशन ऑफिस" नावाच्या साईटी येतात त्यातल्या बऱ्याच एजंटांच्या असतात, नंबर टाकला की दहा मिनिटांत "सर, पॅकेज सांगू का" म्हणून फोन. साईटवर पत्ता मिळाला तरी ऑफिसात फोन करून "जुन्याच बिल्डिंगमध्ये आहात ना" एवढं विचारा, ही ऑफिसं पुष्कळदा भाड्याच्या जागेत असतात आणि मॅपवरची पिन जुन्या जागेवरच राहते.

तुमच्यासाठी मात्र घरपट्टीची पावती, आणि मंगळवार की शुक्रवार ते विचारून मगच तिकीट. पावतीवरचं नाव वाचता येत नसेल तर नाव-पत्ता झाकून फोटो इथे टाका, बघतो.