फायनलच्या आधीच्या चार ओळी

«आमच्या हायस्कूलचा १७ वर्षांखालील मुलांचा कबड्डी संघ पहिल्यांदाच तालुक्याच्या फायनलला पोचलाय. शनिवारी मॅच. पीटी सर रजेवर, त्यामुळे पोरांबरोबर मी जातोय, आणि मी शिकवतो गणित! कोर्टवर उतरण्यापूर्वी ऐकवायला छोट्या, अंगात वारं भरेल अशा ओळी सुचवाल का? – डिचोली»

सर, ओळी देतो. पण त्याआधी माझ्याच एका जोरदार ओळीने फायनल कशी घालवली ते ऐका, म्हणजे कुठली ओळ टाळायची ते कळेल.

सत्तरी तालुक्यात शाळेचा संघ घेऊन जायचो तेव्हाची गोष्ट. फायनलच्या आदल्या रात्री जागून मी ओळ जुळवली होती: ‘एक धरेल, सात पडतील!’ पोरांना ती इतकी आवडली, की बसमध्ये वाळपईपासून तीच चालू. मॅच सुरू झाली. समोरचा मुख्य चढाईपटू आमच्या पोरांपेक्षा चांगला दहा किलोने जड. तिसऱ्या-चौथ्या चढाईत आमच्या डाव्या कोपऱ्यावरच्या पोराने त्याचा घोटा झकास पकडला, आणि ओळीला जागून बाकीचे त्याच्या पाठीवर जाऊन पडले. सगळे मागून. पुढे वाट मोकळी. तो गडी पडला तो मध्यरेषेच्या दिशेनेच, आमच्या पोरांचा भार अंगावर घेऊन घसटत गेला आणि त्याची बोटं रेषेला टेकली. ज्याचा ज्याचा हात लागला तो बाद, म्हणजे एका फटक्यात चार गडी गेले. उरलेले तिघेही दोन चढायांत बाद, म्हणजे अख्खा संघ गेला आणि लोण चढला. पोरांनी मी सांगितलं तेच केलं होतं, त्यामुळे रागावणार कोणावर?

पुढच्या वर्षी ओळ बदलली: ‘एक पाय धरा, बाकी वाट अडवा.’ कवितेच्या वहीत ही ओळ कोणी घेणार नाही. पण घोटा पकडला गेला की मधल्या बाजूचे, म्हणजे कव्हरचे दोघे पाठीवर न पडता मध्यरेषेच्या बाजूला जाऊन उभे राहायला लागले, आणि पकडी टिकायला लागल्या. तुमच्या प्रत्येक ओळीला ही एकच कसोटी लावा: ऐकल्यावर पोराचा पाय नेमका कुठे पडणार? ‘वाघासारखे लढा’ म्हटलं, तर पहिलाच चढाईपटू वाघ होऊन समोरच्यांच्या हद्दीतल्या निदान रेषेच्या खूप आत घुसतो आणि हात धरून उभ्या असलेल्यांच्या साखळीत सापडतो.

म्हणून चढाईवाल्यांसाठी माझी ओळ थंड आहे, आणि ती मी कोकणीतच सांगायचो: ‘वच, पळय, यो.’ जा, बघ, ये. पहिल्या चढाईत गुण मागायचाच नाही. कुठला कोपरा पुढे सरकतो, कोणाचे हात साखळीत आहेत, कोण एकटा उडी घेतो एवढं बघून परत यायचं. त्याच्याकडे ३० सेकंद असतात, ती पुरतात. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस मिळू शकतो, पण पहिल्याच चढाईत त्याच्या मोहात पडू नये असं माझं मत. घरात कोकणी बोलणाऱ्या पोरांना आयत्या वेळी छापील मराठी ऐकवू नका, सर. डोक्यावरून जाते. तीन शब्द, तेही त्यांच्या तोंडचे.

ओळी आधीच पाठ हव्यात याला नियमाचंही कारण आहे. आपला गडी चढाईवर असताना आपल्यापैकी कोणी ओरडून त्याला सूचना दिली, तर पंच समोरच्यांना गुण देऊ शकतात. बाजूला उभं राहून ‘मागे ये रे!’ ओरडायची तुम्हाला सवय असेल तर शनिवारी तोंडाला रुमाल लावा. बोलायची संधी म्हणजे सुरुवातीचा घोळका, मध्यंतर आणि टाइमआउट. टाइमआउट असतो जेमतेम ३० सेकंदांचा, त्यात पाणीही प्यायचं असतं. तेव्हा नवीन काही सांगू नका, पाठ असलेलीच ओळ पुन्हा म्हणा.

दोन ओळी वाईट वेळेसाठी राखून ठेवा. आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरले, की पोरांचे खांदे पडतात. पण तेव्हाच पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. (तुमच्या स्पर्धेत हा नियम लागू आहे ना, हे सकाळीच पंचांना विचारा.) त्यासाठीची ओळ: ‘तीन उरलो, भाव दुप्पट.’ तुम्ही गणिताचे, तुमच्या तोंडी शोभेल. दुसरी लोणानंतरची. लोण चढला की समोरच्यांना दोन गुण जादा मिळतात खरे, पण आपले सातही गडी परत कोर्टवर येतात. म्हणून ‘लोण गेला, सात आले.’ आमचा एक कॅप्टन ही ओळ म्हणत टाळी वाजवायचा, तेवढ्यात बाकीचे आपापल्या जागेवर.

आता अंगात वारं भरायचं, त्याबद्दल. ते हवंच, पण वेळ सांभाळून. कबड्डी दमावर चालते. कोर्टच्या कडेला घसा फाडून घोषणा दिल्या आणि लगेच चढाईला गेला, तर पोराचा श्वास वरच अडकलेला असतो. ‘कबड्डी कबड्डी’ तुटक यायला लागते आणि दम गेला की चढाई गेली. म्हणून मोठा आवाज मॅचच्या दहा मिनिटं आधी, वॉर्मअप संपताना. त्यासाठी नवी घोषणा शोधायची गरज नाही, आपल्याकडचं गाऱ्हाणं पोरांच्या कानात आहेच. कॅप्टनने मध्ये उभं राहून म्हणायचं, ‘गेल्लो गडी परत येतलो!’ सगळे: ‘व्हय म्हाराजा!’ ‘धरिल्लो पाय सुटचो ना!’ ‘व्हय म्हाराजा!’ दोन-तीन वेळा, बस. आमच्या उजव्या कोपऱ्यावर एक ख्रिस्ती पोर होता, त्याचाच ‘म्हाराजा’ सगळ्यांत लांब जायचा. पहिली चढाई ज्याची असेल, त्याला मात्र यातून सूट. त्याने हात घोळक्यात ठेवायचा आणि तोंड मिटायचं.

कोर्टवर उतरण्याआधीचं शेवटचं मिनिट शांत. तुम्ही बोलू नका, कॅप्टनला बोलू द्या. सरांच्या आवाजात पोरांना परीक्षा ऐकू येते. कोणती ओळ आधी, ते नाणेफेकीवर ठरवा. चढाई आपली आली तर ‘वच, पळय, यो’ आधी, नाहीतर ‘एक पाय धरा, बाकी वाट अडवा’ आधी. एवढ्या दोनच. वाईट वेळेच्या ओळी तेव्हा काढायच्या नाहीत, पण शुक्रवारी सरावात त्या म्हणवून घ्या. सात जणांचे तीन करून पाच-सहा चढाया खेळवा आणि प्रत्येक पकडीला मोठ्याने ‘दोन!’ मोजा.

तुमचे कोपरे कोण, कव्हर कोण, समोरचा चढाईपटू उजव्या अंगाने येतो की डाव्या, हे इथे लिहिलंत तर पकडीची ओळ त्यांच्या नावानिशी बांधून देतो. शुक्रवारी दुपारपर्यंत लिहा, संध्याकाळी मी शेतात असतो, रेंज नसते.