दारू नाही, तरी लिव्हरले चरबी?

"म्याडम, मी थेंबभर दारू घेत नाही, तरी सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर आलं. आता लिव्हर खराबच होणार का?"

हा भाऊ तालुक्याच्या पतसंस्थेत कॅशियर, वय 38, वजन 86 किलो, उंची पाच फूट सहा. दिवसभर खुर्ची, येणंजाणं गाडीवर. लिव्हरले त्रास झाला की रक्तात वाढणारा एसजीपीटी 72 होता. मी म्हटलं भाऊ, दारूचं राहू द्या, चहा किती होते ते सांगा. तर सात कप, अन् टपरीवाला प्रत्येकात दोन चमचे तरी साखर टाकतेच, म्हणजे चौदा चमचे, सत्तर ग्रॅमच्या आसपास, वरून उन्हाळ्यात रोज कोल्ड्रिंक. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असते, तो बहुतेक लिव्हरमध्येच जाते अन् जास्त झाला की तिथं त्याची चरबी बनते. पोट सुटलेलं असलं की आणखीच. म्हणून दारू न पिणाऱ्यालेही हे होते. गुळाचा चहा घेतो म्हणून सुटका नाही, गुळातही बहुतांश साखरच.

त्यानं आधी घरीच उपास सुरू केला होता, नुसती फळं अन् पाणी, आठवड्यात तीन किलो उतरले म्हणून खूश. मी ते बंद करायला लावलं. एकदम वजन पाडलं की लिव्हरवर उलट ताण येऊ शकते अन् पित्ताशयात खडे व्हायची भीती वाढते. आठवड्याले अर्धा किलो पुरे, पुढं तर त्याहूनही हळू चालते.

चहाची साखर एकदम तोडली तर माणूस चार दिवसात परत जुन्या साखरेवर येते, म्हणून आधी कप तीनवर आणले, मग दोन चमच्यांचे दीड, मग एक, टपरीवाल्याले सांगून वेगळा चहा. कोल्ड्रिंक मात्र पूर्ण बंद, तिथं तडजोड नाही. रात्री भाताचा ढीग कमी, त्याऐवजी ज्वारीची भाकर अन् मुगाची उसळ, जेवण झाल्यावर शेताच्या रस्त्यानं अर्धा तास चालणं. बाकी घरचंच.

दुसऱ्या महिन्यात काटा अडकला, भाऊ वैतागले. विचारलं तर लग्नसराई, रोज पंगतीत बुंदी. मला राग नाही आला, लग्न काय आपल्या हातात असते का, पण बुंदीचं ताट समोर आलं की हात आडवा करायचं ठरलं.

पाचव्या महिन्यात वजन 79.5, एसजीपीटी 38, सोनोग्राफीत ग्रेड वन. साधारण पाच टक्के वजन उतरलं की चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांत सूजही उतरू शकते, त्याचं साडेसात टक्के उतरलं होतं.

पण सोनोग्राफी चरबी दाखवते, लिव्हर किती कडक झालं ते नीट सांगत नाही. शुगर असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर डॉक्टरले लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचं विचारा. अन् डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं, शौच काळी झाली तर माझ्याकडं डाएट मागायला येऊ नका, तडक दवाखान्यात जा.