पेन्सिल विसरलेल्या विद्यार्थ्यास

*आदरणीय मॅडम,*

*मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. मेकॅनिक्सच्या मिड-सेममध्ये मला ३० पैकी ७ गुण मिळाले. सोडवलेली उदाहरणे मी दोनदा वाचली होती आणि सूत्रे तोंडपाठ होती, तरी असे झाले. एक प्रश्न असा होता: ३०° च्या खडबडीत उतारावर ५०० न्यूटन वजनाचा ठोकळा आहे, μ = ०.३, त्याला ३०० न्यूटनचे आडवे बल उताराकडे दाबते आहे आणि ठोकळा स्थिर आहे, तर घर्षण किती? मी F = μN लिहून १२९.९ न्यूटन हे उत्तर काढले. सूत्र बरोबर असूनही शून्य मिळाले. त्या दिवशी पेन्सिल न्यायला विसरलो होतो, पण त्याने काही बिघडले नाही, कारण आकृत्या मी मनातच करतो. आमचे सर फार भरभर शिकवतात. घरी अजून सांगितलेले नाही. मी क्लास लावू की शाखा बदलू?*

*आपला विद्यार्थी*

---

चि. विद्यार्थ्यास,

तुझ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तू जाता जाता लिहून टाकले आहेस, ते म्हणजे पेन्सिलीचे. त्याने काही बिघडले नाही असे तुला वाटते. माझ्या मते जे बिघडले ते तिथेच बिघडले, आणि ते तुझ्या १२९.९ या उत्तरातच दिसते.

हा आकडा कुठून आला ते मला उत्तरपत्रिका न पाहताही सांगता येते. तू N = W cos θ लिहिलेस, त्यातून ४३३ न्यूटन आले आणि त्याला ०.३ ने गुणलेस. उतारावर नुसता ठोकळा ठेवलेला असतो त्या उदाहरणातले हे सूत्र आहे, आणि ते उदाहरण तू दोनदा वाचले होतेस. तुझ्या प्रश्नात मात्र ठोकळ्याला ढकलणारे बल होते. तू मनात जी आकृती केलीस तिच्यात ते बल कुठे होते? ते नव्हतेच. मनातल्या आकृतीत आपल्याला आधीपासून माहीत असते तेवढेच दिसते, आणि एखादा बाण राहिला तर तो राहिल्याचे कळायला काही मार्ग नसतो.

आता कागद घे. उतार काढू नकोस, ढकलणारा हातही काढू नकोस, फक्त ठोकळा काढ. ज्याने ज्याने ठोकळ्यावर बल लावले आहे त्या प्रत्येकाच्या जागी एक बाण काढ आणि प्रत्येक बाणाला विचार, ‘तुला कोणी लावले?’ पृथ्वीने लावलेले ५०० न्यूटन सरळ खाली जातात. हाताने लावलेले ३०० न्यूटन आडवे जातात. उताराने लावलेली लंब प्रतिक्रिया N उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात ठोकळ्याकडे येते. घर्षणही उतारच लावतो, पण ते पृष्ठभागाला समांतर असते. चारच बाण आहेत. पाचवा बाण सुचला आणि तो लावणारा कोणी सापडला नाही, तर तो पुसून टाक. (वजनाच्या बाणाशेजारी त्याचे दोन घटकही तितक्याच ठळकपणे काढणारी मुले दर वर्षी भेटतात. त्यांच्या ठोकळ्याचे वजन दोनदा मोजले जाते.)

हे बाण समोर असले की आडव्या बाणाचा एक भाग ठोकळ्याला उतारात दाबतो हे लपून राहत नाही. तो भाग ३०० sin ३०°, म्हणजे १५० न्यूटन. त्यामुळे N ४३३ नसून ५८३ न्यूटन आहे. ही तुझी पहिली चूक झाली.

दुसरी चूक याहून मोठी आहे, कारण ते सूत्र बरोबरच आहे असे तू अजूनही धरून चालला आहेस. N सुधारून तू पुन्हा μN केलेस तर १७५ न्यूटन येतील, आणि त्यालाही मी शून्यच देईन. μN हे घर्षण नव्हे, ती घर्षणाची कमाल मर्यादा आहे. ठोकळा निसटण्याच्या अगदी बेतात असतो तेव्हाच घर्षण तिथवर पोहोचते. एरवी तोल राखायला जेवढे लागते तेवढेच घर्षण येते, त्याहून रतीभरही जास्त नाही. म्हणून घर्षण सूत्रातून न काढता समतोलातून काढायचे. उताराला समांतर दिशेत वजन ठोकळ्याला ५०० sin ३०°, म्हणजे २५० न्यूटनने खाली ओढते आणि हात ३०० cos ३०°, म्हणजे २५९.८ न्यूटनने वर ढकलतो. फरक ९.८ न्यूटनचा आहे. हाताचे पारडे जड असल्यामुळे घर्षण ९.८ न्यूटन आहे आणि ते उताराच्या खालच्या दिशेला आहे. ते १७५ च्या आत आहे, त्यामुळे ठोकळा स्थिर असल्याचे विधानही जुळते.

आता तुझे १२९.९ याच आकृतीवर ठेवून पाहा. ते वरच्या दिशेला धरले, तर वरच्या बाजूला ३८९.७ आणि खालच्या बाजूला २५० न्यूटन होतात, म्हणजे घर्षणानेच ठोकळा चढावर पळवला. खालच्या दिशेला धरले, तर हात वर ढकलत असताना घर्षण त्याला ओढून खाली नेते. दोन्ही गोष्टी अशक्य आहेत, आणि हे कळायला मेकॅनिक्स लागत नाही, चार बाण लागतात. तू उत्तराखाली दुहेरी रेघ मारून पुढच्या प्रश्नाकडे वळला असशील.

चौथ्या बाणाबद्दल अजून थोडे सांगते, कारण पेन्सिल खरी त्याच्यासाठी लागते. हाच ठोकळा घसरू नये म्हणून निदान ११८ न्यूटनने ढकलावे लागते, आणि सुमारे ५३१ न्यूटनच्या पुढे तो वर सरकू लागतो. या दोन आकड्यांच्या मध्ये तो जागचा हलत नाही, पण घर्षण मात्र बदलत राहते. ते आधी वरच्या दिशेला असते, बल २८८.७ न्यूटन झाले की शून्य होते आणि त्यानंतर खाली वळते. तेव्हा घर्षणाचा बाण आधी अंदाजाने एका बाजूला काढायचा आणि गणित करायचे. उत्तर उणे आले, तर बाण पुसून उलटा करायचा. शाईने लिहिणारी मुले हे करायला कचरतात आणि मनात आकृती करणाऱ्यांपुढे पुसायला काहीच नसते.

क्लास लावू नकोस. तिथे तुला आणखी सोडवलेली उदाहरणे मिळतील, आणि ती तुझ्याजवळ आधीच गरजेपेक्षा जास्त आहेत. शाखा बदलण्याचा विचारही सोड, कारण या एका गणितावरून त्याबद्दल काहीच ठरत नाही. घरी आज रात्री जेवताना सांगून टाक.

करायचे ते एवढेच. पुढचे पंधरा दिवस मेकॅनिक्सचे एकही समीकरण लिहायचे नाही. रोज पुस्तकातले न सोडवलेले चार प्रश्न घ्यायचे, प्रत्येकाची फक्त मुक्त-पिंड आकृती काढायची आणि प्रत्येक बाणाशेजारी तो कोणी लावला हे लिहायचे. उतारावरचे ठोकळे झाले की भिंतीला टेकलेली शिडी घे. तिथे बाण कोणत्या बिंदूवर लागतो हेही पाहावे लागते. ती वही घेऊन भरभर शिकवणाऱ्या तुझ्या सरांकडे जा आणि एकच विचार, ‘सर, यात कोणता बाण राहिला आहे का, की एखादा जास्त झाला आहे?’ ‘मला मेकॅनिक्स समजत नाही’ या तक्रारीवर कोणत्याही शिक्षकाला चटकन काही सांगता येत नाही. तुझ्या या प्रश्नाला मात्र ते जिन्यात उभ्या उभ्या दोन मिनिटांत उत्तर देतील.

पेन्सिल एचबीची घे आणि सोबत खोडरबर ठेव. चौथा बाण तुला पुष्कळदा पुसावा लागेल.

तुझी,
मॅडम