तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवायचा का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मी सोललेला लसूण ऑलिव्ह ऑइलमध्ये बुडवून बरणी ओट्यावरच ठेवते, दोनेक आठवडे आरामात जाते. तेलात कुठे काय खराब होतं?

नुसतं तेल जंतूंनी खराब होत नाही हे बरोबरच आहे, कारण तेलात पाणी नसतं आणि पाण्याशिवाय कुठलाच जंतू वाढत नाही. पण लसणात पाणी असतं ना, पाकळीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणीच, आणि ते तेलात बुडवलं म्हणून कुठे जात नाही, पाकळीच्या आतच राहतं. लसूण वाढतो मातीत, आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे झोपलेला जंतू समजा. पाकळी कितीही धुतली तरी मुळाकडच्या त्या खरखरीत बुडख्यात एखाददुसरा राहू शकतो. नुसता बीजाणू पोटात गेला तर मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही, आपण भाज्यांबरोबर ते खातच असतो.

भानगड होते ती त्याला जाग आली की. त्याला लागतं पाणी, कमी आंबटपणा, खोलीची ऊब, आणि मुख्य म्हणजे हवा नको, ऑक्सिजन असला की हा जंतू वाढतच नाही. उघड्या टोपलीतला लसूण त्यामुळेच या बाबतीत निर्धोक असतो. तेलाने बाहेरची हवा बंद होते, आतली थोडीफार पाकळीच वापरून टाकते (सोललेली असली तरी ती जिवंत असते, श्वास घेते), आणि लसणाचा पीएच ४.६ च्या बराच वर असतो, म्हणजे या जंतूला अडवण्याइतका तो आंबट नाही. झालं की सगळं जुळून! मग तो वाढताना जे विष सोडतो त्याचा आजार म्हणजे बॉट्युलिझम. तुळस, रोझमेरी, ओरेगानो, मिरची, काहीही ओलं आणि ताजं तेलात बुडवलं तरी गणित हेच.

लसूण तर स्वतःच जंतूनाशक आहे म्हणतात, मग?

काही जंतूंवर चालतो तो, पण याच्यावर भरवसा ठेवण्यासारखा नाही. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकूवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये तेलातला चिरलेला लसूण वापरला जायचा, विकतचा, बाटलीवर फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलेलंही होतं, पण ती बाहेरच राहिली. ३६ जणांना बॉट्युलिझम झाला. यातली खरी गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की खाणारे पांगले, काही तर दुसऱ्या देशात घरी परतले, आणि प्रत्येक डॉक्टरसमोर एकच पेशंट, त्यामुळे बऱ्याच जणांना आधी भलतंच निदान मिळालं आणि सगळ्यांचा धागा एकाच जेवणाकडे जातो हे कळायला आठवडे गेले. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनला तिघांना तसंच झालं, तेव्हाही बाटलीतला चिरलेला लसूण तेलातलाच, त्यात आम्ल नव्हतं. त्यानंतर तिथल्या एफडीएने नुसतं फ्रिजमध्ये ठेवा लिहून चालणार नाही, असल्या लसणात आम्ल घालाच, असं कंपन्यांना सांगितलं. म्हणून तिथल्या बाटलीवर सायट्रिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड लिहिलेलं दिसतं. ते चवीसाठी नसतं.

मी कच्चा नाही ठेवत, मंद आचेवर तेलात तासभर शिजवतो, पाकळ्या अगदी लोण्यासारख्या होतात. हे तर सेफ ना?

नाही, उलट हे जास्त फसवं आहे. तेल कितीही तापलेलं असलं तरी पाकळीत पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकतं, आणि हे बीजाणू १०० अंशांना आरामात तग धरतात, त्यांना मारायला १२१ अंश लागतात, जे प्रेशरखालीच मिळतात. मग तुम्ही काय केलंत, तर बाकीचे सगळे जंतू मारले, पाकळीतली हवा घालवली, आणि जो वाचला त्याला रिकामं, मऊ, हवाबंद घर दिलंत. शिजवलेला लसूण तेलातला असेल तर गार झाला की लगेच फ्रिज.

कुरकुरीत, पूर्ण कोरडा होईपर्यंत तळलेला लसूण वेगळा, त्यातलं पाणी निघून गेलेलं असतं. विकत मिळणारे पूर्ण वाळलेले हर्ब्ज किंवा लसणाची पावडर तेलात टाकली तरी हरकत नाही, फक्त चमचा ओला नको.

वास घेऊन किंवा चाखून कळतं का?

नाही, आणि चाखू तर नकाच. या जंतूच्या काही प्रकारांना घाण वास येतो, काहींना येत नाही, आणि लसणाच्या वासापुढे कळणार तरी काय? बुडबुडे दिसले, झाकण फुगलं तर फेकाच, पण दिसलं नाही म्हणजे ठीक आहे असा उलटा अर्थ काढू नका.

फ्रिजमध्ये किती दिवस? आणि लिंबू पिळलं किंवा मीठ टाकलं तर बाहेर राहील का?

फ्रिज ४ अंश किंवा त्याखाली असेल तर ४ दिवस, त्यानंतर टाकून द्या. वर्षभर हवा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये तेलासकट फ्रीझ करा, एकेक क्यूब काढून वापरा, मी तरी हेच करते.

लिंबू पिळण्यात अडचण अशी की तेलात आम्ल शिरत नाही आणि पाकळीच्या मध्यापर्यंत ते पोचलं की नाही हे बघायची सोय घरात नसते. मिठाचंही तसंच, तेलात ते विरघळत नाही, तळाशी बसतं. तपासलेली पद्धत एकच मला माहीत आहे: लसूण ६ मिलिमीटरपेक्षा बारीक चिरायचा, १०० ग्रॅम लसणाला ३०० ग्रॅम सायट्रिक ॲसिडचं पाणी घ्यायचं (३ टक्के, म्हणजे ९ ग्रॅम ॲसिड आणि २९१ ग्रॅम पाणी), २४ तास पूर्ण बुडवून ठेवायचा, निथळायचा, आणि मगच दहापट तेलात. अख्ख्या पाकळ्यांना हे चालत नाही, आणि वजनकाटा नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. चमच्याच्या अंदाजाने करण्यापेक्षा फ्रीझर बरा.

तीन आठवडे बाहेर ठेवलेलं लसणाचं तेल परवा सॅलडवर घातलं. आता काय करू?

आधी बाटली वापरायची थांबवा, पण फेकू नका, झाकण घट्ट लावून बाजूला ठेवा. काही झालं तर तपासायला लागेल. बहुतेकदा काही होत नाही, घाबरून जाऊ नका. पण लक्षणं साधारण १२ ते ३६ तासांत दिसतात, कधी दहा दिवसही लागतात, म्हणून लक्ष ठेवा: एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होऊन मिटणं, तोंड कोरडं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास. ताप सहसा नसतो आणि माणूस पूर्ण शुद्धीत असतो, त्यामुळे लोक थकवा समजून झोपतात, तिथेच वेळ जातो, कारण पुढची पायरी म्हणजे अशक्तपणा वरून खाली पसरत श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाणं. यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा आणि तेलातला लसूण खाल्ला हे तुम्हीच सांगा, विचारायची वाट बघू नका. यावर अँटीटॉक्सिन असतं, पण ते फक्त रक्तात फिरणारं विष अडवतं, नसांना आधीच झालेलं नुकसान भरून काढत नाही. म्हणून ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं.